आधी अंतर दाखव, मग फिल्टर

ताई, मी एस.वाय.ला आहे. एनएसएसच्या कार्यक्रमात मला ब्यूटी फिल्टर आणि चेहऱ्यांच्या तुलनेवर दहा मिनिटं बोलायचंय. पण सेल्फीत माझंच नाक इतकं मोठं दिसतं, की ते बारीक केल्याशिवाय मी फोटो टाकत नाही. मी कोणत्या तोंडाने सांगू?
— एक विद्यार्थिनी

अगं, तूच सांग. फक्त उपदेश करू नकोस, फोटो दाखव.

सेल्फी साधारण 30 सेंटिमीटरवरून निघतो. नाकाचं टोक कानांच्या पुढे बारा-एक सेंटिमीटर असतं, म्हणजे कॅमेऱ्यापासून नाक 30 वर आणि कान 42 वर. जवळचं मोठं दिसतं, म्हणून नाक पसरतं आणि कान मागे दडतात. हाच फोटो दीड मीटरवरून काढला तर नाक 150 वर, कान 162 वर. फरक जवळपास मिटतो. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी 2018 साली याचं गणित मांडलं. बारा इंचांवरच्या सेल्फीत नाक सुमारे 30 टक्के जास्त रुंद भासतं, पाच फुटांवरून नाही. लोक सेल्फी दाखवून नाकाच्या शस्त्रक्रिया मागत होते, त्यांना समजावायला हे हवं होतं.

हॉलमध्ये तुझेच फोटो लाव, दुसऱ्या कुणाचा चेहरा चर्चेला नको. पहिला हातभर अंतरावरून. त्याआधी कॅमेऱ्याचं ब्यूटी सेटिंग बंद आहे ना ते बघ. काही फोनमध्ये ते आधीपासूनच चालू असतं. दुसरा मैत्रिणीला पाच फुटांवर उभं करून, चेहरा तेवढाच मोठा दिसेल इतका झूम करून. जवळ उभं राहून झूम केलं तर काही बदलत नाही, कारण फरक अंतराने पडतो. उजेड आणि हावभाव तेच ठेव. मुलांना आधी कान बघायला सांग, नाकाचं मग आपोआप कळतं.

तिसरा फोटो फिल्टरचा. त्यात नाकासोबत त्वचेवरची छिद्रं गेली, ओठांवरची लव गेली, हनुवटी निमुळती झाली आणि रंगही उजळला, हे एकेक बोट ठेवून दाखव. ही छिद्रं म्हणजे केसांची आणि तेलग्रंथींची तोंडं. ती प्रत्येकाला असतात. वर्गात शेजारच्या बाकावरून ती कुणाला दिसतही नाहीत. इन्स्टाग्रामवर आपण स्वतःला ज्या चेहऱ्यांशी ताडून बघतो, त्यांतल्या कितीतरींवर हेच केलेलं असतं.

एक मात्र प्रामाणिकपणे सांग: पाच फुटांवरून प्रत्येकाचं नाक लहान दिसेल असं नाही. काहींचं मोठं असतं, ते मोठंच दिसेल. तुझंही असेल तर असू दे. निदान ठरवताना खरं माप समोर असेल.

कुणी तासन्‌तास आरशासमोर असेल, चेहऱ्यामुळे लेक्चर बुडवत असेल, 'मी विचित्र दिसते का' असं परत परत विचारत असेल, तर त्याला या प्रयोगाने फारसा उतार पडणार नाही. कॉलेजच्या समुपदेशकांचं नाव आणि टेली-मानसचा 14416 हा मोफत क्रमांक फळ्यावर लिहून ठेव.