टोपणनाव कोणाचं, लेखिकेचं की प्रकाशकाचं?

प्रश्न: वकीलसाहेब, मी टोपणनावाने रहस्यकथा लिहिते. २०१९ पासून एकाच प्रकाशकाकडे माझ्या चार कादंबऱ्या आल्या. पहिल्या पुस्तकाचा एकपानी करार झाला. त्यावर मी टोपणनावानेच सही केली, मुदत लिहिलेली नाही. पुढची तिन्ही पुस्तकं ईमेलवर ठरली. नाव मीच निवडलं होतं. मानधन माझ्या खात्यात येतं, म्हणून खरं नाव फक्त प्रकाशकाला ठाऊक आहे. पाचवी कादंबरी दुसरीकडे देते म्हटल्यावर ते म्हणाले, "हे नाव आम्ही मोठं केलं, ते आमचं. पुढची पुस्तकं दुसऱ्या कोणाकडून लिहून घेऊ." माझं खरं नाव मला बाहेर येऊ द्यायचं नाही. काय करू?

उत्तर: प्रकाशकाच्या बोलण्यात दोन वेगळे हक्क एकात मिसळले गेलेत. पुस्तकांचा हक्क कॉपीराइटचा असतो. नावाला कॉपीराइट नसतो. ते नाव पाहून वाचक पुस्तक उचलतो, त्या लौकिकाला कायदा जपतो. म्हणून विचारायचं ते एवढंच, की हा लौकिक कोणाच्या लेखणीचा?

इंग्लंडच्या न्यायालयांपुढे हा वाद जुनाच आहे. १९०८ साली मुलांसाठी 'आंट नेओमी' या नावाने सदर लिहिणाऱ्या लेखिकेचं आणि १९५१ साली 'मेरी डिलेन' या नावाने लिहिणाऱ्या पत्रकार बाईंचं वर्तमानपत्राशी याच कारणावरून भांडण झालं. दोन्ही वेळा न्यायालयाने सांगितलं की वेगळं काही ठरलेलं नसेल, तर टोपणनाव लेखकाच्या व्यवसायाची पुंजी असते आणि नोकरी किंवा सदर सुटलं तरी ते त्याच्याबरोबर जातं. हे निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाहीत, पण 'पासिंग ऑफ'चा कायदा आपण तिथूनच घेतला आहे, त्यामुळे त्यांचं वजन पडतं. तुमच्या नावाखाली दुसऱ्याची कादंबरी विकणं म्हणजे एकाचा माल दुसऱ्याचा म्हणून खपवणं. नावाची ट्रेडमार्क नोंदणी नसली तरी ते थांबवण्यासाठी दावा लावता येतो.

नाव प्रकाशकाने सुचवलेलं असतं आणि त्याखाली आलटून पालटून तीन-चार जणांनी लिहिलं असतं, तर मी उलट सल्ला दिला असता. आधी तो एकपानी करार पुन्हा वाचा. "टोपणनावाचे सर्व हक्क प्रकाशकाकडे राहतील" अशा अर्थाची ओळ त्यात असेल, तर प्रकरण बरंच अवघड होईल. मग ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर तुमचं नाव शोधा. पुस्तकं १६व्या वर्गात येतात. प्रकाशकाने अर्ज केलेला असेल आणि तो जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला असेल, तर हरकत घ्यायला चार महिने मिळतात. ती मुदत वाढवून मिळत नाही. तुम्ही स्वतः अर्ज करू शकता, मात्र नोंदवहीत अर्जदाराचं खरं नाव कोणालाही दिसतं. कॉपीराइटची नोंदवहीही अशीच उघडी असते, आणि कॉपीराइट नोंदणीशिवायही मिळतोच. तुमची गुप्ततेची इच्छा पाहता आज या दोन्ही वाटांना जाऊ नये असं माझं मत आहे.

आता पुस्तकं. कॉपीराइट अधिनियम, १९५७च्या कलम १९ प्रमाणे हक्काचं हस्तांतरण लेखी आणि लेखकाच्या सहीचं लागतं. टोपणनावाने केलेली सही सहीच असते, तुम्हीच ती केलीत हे सिद्ध झालं म्हणजे झालं. पण करारात मुदत नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो. २०१९च्या करारात तुम्ही पहिल्या कादंबरीचे हक्क दिले असतील, तरी ते २०२४ साली तुमच्याकडे परत आले. उरलेल्या तिघींच्या बाबतीत ईमेलमधून छापण्याची परवानगी दिली असं फार तर म्हणता येईल. मालकी दिली असं म्हणणं प्रकाशकाला जड जाईल.

तुमची खरी कमकुवत जागा पुराव्याची आहे. कलम ५४ सांगतं की टोपणनावाच्या पुस्तकाचा लेखक कोण हे उघड होत नाही, तोवर दाव्यापुरता प्रकाशकही 'मालक' धरला जातो. उघड होणं म्हणजे काय, तेही कायद्याने ठरवलंय. लेखक आणि प्रकाशक दोघांनी जाहीर करायचं, नाहीतर लेखकाने ते योग्य न्यायालयापुढे सिद्ध करायचं. तुम्ही उद्या एकट्याने जाहीर केलंत तर तेवढं पुरत नाही. शिवाय कॉपीराइटची मुदतही याच्यावरच ठरते. लेखक अज्ञात असेल तर प्रकाशनानंतर साठ वर्षं, म्हणजे २०१९चं पुस्तक २०७९ अखेरपर्यंत. त्या साठ वर्षांत ओळख उघड झाली तर लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. कुसुमाग्रज म्हणजे वि. वा. शिरवाडकर हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून १९९९ साली ते गेल्यावर त्यांच्या लेखनाचा कॉपीराइट २०५९ अखेरपर्यंत चालतो.

माझ्याकडे एकदा टोपणनावाने लिहिणाऱ्या एका दिवंगत लेखकाची मुलं आली होती. प्रकाशकाची सगळी पत्रं टोपणनावाने, करारही टोपणनावाने. शेवटी कामी आला मुद्रितांचा एक गठ्ठा. समासात वडिलांच्या हाताच्या दुरुस्त्या होत्या आणि एका पानाच्या मागे त्यांनी बँकेच्या स्लिपचा हिशेब मांडला होता. तो गठ्ठा रद्दीत गेला असता तर मुलांच्या हाती काहीच उरलं नसतं. तुमचे हस्तलिखिताचे मसुदे, ईमेल, मुद्रितं आणि मानधन जमा झाल्याच्या नोंदी आजच एकत्र करा. नोटरीसमोर एक प्रतिज्ञापत्र करा: "मी, अमुक, तमुक या नावाने लिहिते, पुढील चार पुस्तकं माझी आहेत." ते घरात जपून ठेवा आणि मृत्युपत्रात पुस्तकांची यादी टोपणनावासह घाला.

प्रकाशकाला मी नोटीस पाठवीन, पण आधी तडजोडीची. त्यांना चार पुस्तकं विकत राहायची आहेत, तेव्हा ठराविक मुदतीचा नवा परवाना द्या. बदल्यात त्यांनी लिहून द्यावं की पुस्तकांची लेखिका तुम्ही आहात, टोपणनाव तुमचं आहे आणि खरं नाव ते कोणालाही सांगणार नाहीत. हा करार गुप्त राहील, त्यामुळे आज कॉपीराइटची मुदत वाढणार नाही. पण पुढे ओळख सिद्ध करायची वेळ आली तर प्रकाशकाच्या सहीचा हाच कागद सर्वांत भक्कम पुरावा ठरेल.

त्यांनी नकार दिला आणि दावा लावावा लागला, तर तो खऱ्या नावानेच लावावा लागेल. टोपणनावाला न्यायालयात उभं राहता येत नाही. त्या वेळी गुप्तता आणि नाव यांतलं काय राखायचं हे तुम्हालाच ठरवावं लागेल. म्हणूनच नोटीस पाचवी कादंबरी जाहीर होण्याआधी जायला हवी.

नव्या प्रकाशकाशी करार करताना पहिल्याच ओळीत खरं नाव घाला, पुढे "या टोपणनावाने लेखन करणारी" असं लिहा आणि मुखपृष्ठावर कोणतं नाव छापायचं ते वेगळ्या कलमात ठरवा. पैसे खऱ्या नावाच्या खात्यात आणि पॅनवरच येतील, म्हणजे त्यांच्या हिशेबनीसाला तुम्ही कळणारच. म्हणून गुप्ततेच्या कलमात "प्रकाशकाचे कर्मचारी आणि लेखापाल" हे शब्दही आवर्जून लिहून घ्या.