छत्तिसाव्या ओळीवरून थेट सत्त्याहत्तराव्या ओळीवर

प्रश्न: आम्ही देवगडजवळ राहतो. घरासाठी 12 लाखांचं कर्ज काढलंय, 9 टक्के, 15 वर्षं, हप्ता 12,171. छत्तीस हप्ते झाले. 4,38,000 भरले आणि कर्ज उतरलं जेमतेम 1,30,000! हप्ता ह्यांच्या पगारातून जातो. यंदा बाग व्यापाऱ्याला दिली, तिचे अडीच लाख हातात आलेत. कर्जात भरू की एफडी करू? भावोजी म्हणतात, बँकेने व्याज आधीच वसूल केलंय, आता भरून काही उपयोग नाही.

उत्तर: ताई, बँकेकडून मिळालेला परतफेडीचा तक्ता काढा आणि पहिल्या ओळीखाली पट्टी ठेवा. व्याज 9,000, मुद्दल 3,171. हे 9,000 कुठून आले? 12 लाखांचे वर्षाचे 9 टक्के म्हणजे 1,08,000, त्याला 12 ने भागलं की 9,000. त्या महिन्यात तुमच्या नावावर 12 लाख होते, म्हणून त्यांचंच एका महिन्याचं व्याज घेतलं. हप्त्यातून उरले ते 3,171 मुद्दलात गेले. दुसऱ्या ओळीत व्याज 11,96,829 वर लागलं, म्हणून ते चोवीसेक रुपयांनी कमी झालं. अख्खा तक्ता या एकाच हिशोबावर चालतो. (तुमच्या कागदावर दर महिन्याला थोडाफार फरक दिसला तर घाबरू नका, बऱ्याच बँका दिवसांवर व्याज काढतात. 31 दिवसांच्या महिन्यात थोडं जास्त, फेब्रुवारीत कमी.)

भावोजींचं म्हणणं कोकणात मी दर आठवड्याला ऐकतो. त्यात अर्धं खरं आहे. सुरुवातीला व्याज जास्त जातं, हे खरं. पण ते आगाऊ घेतलेलं नसतं. शिल्लक मोठी असते म्हणून व्याज मोठं दिसतं, एवढंच. सदतिसाव्या ओळीवर या. शिल्लक 10,69,496, व्याज 8,021, मुद्दल 4,150. असंच चालू ठेवलं तर मुद्दलाचा आकडा व्याजापुढे जाईल तो 89 व्या हप्त्याला, म्हणजे सात वर्षं उलटून गेल्यावर. शेवटच्या ओळीत व्याज असेल फक्त 91 रुपये. पुढच्या महिन्याचं व्याज अजून कोणीच घेतलेलं नाही. ते उरलेल्या शिल्लकीवर लागणार आहे, आणि शिल्लक कमी करणं तुमच्या हातात आहे.

आता मुख्य गंमत. समजा, छत्तिसावा हप्ता गेल्या गेल्या तुम्ही 2 लाख भरलेत. शिल्लक 10,69,496 वरून 8,69,496 झाली. पट्टी खाली सरकवत हा आकडा तक्त्यात शोधा. सत्त्याहत्तराव्या ओळीच्या शेवटी शिल्लक 8,71,150 दिसेल, म्हणजे तुम्ही जवळजवळ तिथेच पोचलात. सदतीस ते सत्त्याहत्तर या 41 ओळी तुम्ही ओलांडल्या. त्या ओळींतलं मुद्दल जोडलं तर साधारण 2 लाख भरतं, ते तुम्ही दिलंत. त्याच ओळींतलं व्याज जोडलं तर 3 लाखांच्या आसपास येतं, ते आता द्यावं लागणार नाही. हप्ता तोच ठेवला तर 144 ऐवजी 103 हप्त्यांत कर्ज संपेल.

हे 3 लाख ऐकून मात्र हुरळू नका. ते उरलेल्या बारा वर्षांत मिळून वाचतात. एफडीशी तुलना वर्षाची वर्षाशी करायची. 2 लाख कर्जात गेले की पहिल्या वर्षी 18,000 व्याज कमी लागतं. एफडीला 7 टक्के मिळाले तर 14,000, आणि त्यावर कर. जुन्या करप्रणालीत राहून तुम्ही घरकर्जाच्या व्याजाची वजावट घेत असाल, 20 टक्क्यांच्या टप्प्यात असाल, तर कर्जाचा खरा खर्च 7.2 टक्क्यांच्या आसपास येतो. पण मग एफडीचेही करानंतर 5.6 च उरतात. दोन्ही बाजूंनी कर्जात भरणंच सरस. कर्ज तिसऱ्या वर्षात आहे की दहाव्या, यावर हे ठरत नाही. दोन दरांतल्या फरकावर ठरतं. लवकर भरल्याचा फायदा एवढाच की तो फरक जास्त वर्षं मिळतो.

तरीही अडीचच्या अडीच लाख भरू नका. बाग कराराने दिलीय, फवारणीचा खर्च व्यापाऱ्याचा, हे मान्य. पण पुढच्या वर्षी मोहोर कसा येतो आणि व्यापारी काय भाव बोलतो, हे आज कोण सांगणार? पगार एखाद-दोन महिने लांबला तरी हप्ता चुकू नये, म्हणून 50,000 बचत खात्यात राहू द्या. ते कर्जात न भरल्यामुळे महिन्याला 375 रुपये व्याज जास्त जाईल, आणि बचत खात्याचं थोडं व्याज त्यातून वजा होईल. चार हप्ते हाताशी असण्याची ही किंमत मला परवडणारी वाटते.

बँकेत गेलात की खरी चूक होते ती अर्जावर. काही ठिकाणी काही न लिहिता पैसे भरले की मुदत तीच ठेवून हप्ता कमी करतात. तुमचा हप्ता 9,895 होईल, ऐकायला छान वाटेल, पण 3 लाखांच्या जागी 1,28,000 च्या आसपासच वाचतील. म्हणून अर्जात स्पष्ट लिहा: ‘रक्कम मुद्दलात जमा करावी, हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी.’ पोच घ्या. व्याजदर बदलता असेल तर वैयक्तिक घरकर्जाच्या मुदतपूर्व भरण्यावर बँक दंड लावू शकत नाही. दर ठरावीक असेल तर आधी विचारा.

आणखी एक. तुमच्याकडचा तक्ता कर्ज घेतलं त्या दिवशीचा असेल, तर मधल्या काळात दर बदलला की तो कागद जुना झाला. दर वाढल्यावर हप्ता न वाढवता गुपचूप मुदत लांबवण्याचे प्रकार फार झाले. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2023 मध्ये त्यावर नियम आणला. बदलत्या दराच्या कर्जाचं दर तिमाहीचं विवरण बँकेने द्यायचं असतं, आणि आतापर्यंत किती मुद्दल, किती व्याज घेतलं, किती हप्ते उरले, हे त्यात हवं. ते मागा आणि मी वर धरलेले आकडे त्याच्याशी जुळवून बघा.

पैसे हप्त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भरा आणि नवा तक्ता मागून घ्या. त्यात दोनच गोष्टी पाहायच्या. एकूण उरलेले हप्ते 103 च्या आसपास हवेत. आणि व्याजाचा आकडा 8,021 वरून 6,521 च्या जवळ, म्हणजे 1,500 ने, उतरलेला हवा. पहिल्या महिन्यात तारखांमुळे शे-दीडशे रुपये इकडेतिकडे होतील. पण दुसऱ्या महिन्यातही व्याज 8,000 च्या घरात दिसलं, तर पैसे मुद्दलात गेलेलेच नाहीत. बहुधा ते आगाऊ हप्ते म्हणून पडून आहेत. तेव्हा पोच घेऊन सरळ शाखेत जा.