वेगळा पडलेला ठिपका खोडू नका, शेजारी कारण लिहा

प्रश्न: संख्याशास्त्र न शिकलेल्या लोकांना सहसंबंध समजावून सांगायचा आहे. स्कॅटर प्लॉटमधले वेगळे पडलेले ठिपके नाव लिहून दाखवू की काढून टाकू? आणि आरची, म्हणजे सहसंबंध किती घट्ट आहे हे सांगणाऱ्या आकड्याची, किंमत सांगावी का?

दाखवा. काढून टाका असं ज्यांनी सांगितलं असेल, त्यांना आधी विचारा की तो ठिपका नेमका कुणाला अडचणीचा आहे. हे खोचक वाटेल, पण माझ्या बाबतीत प्रश्न तिथेच येऊन थांबला होता.

मी सोलापुरात, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात उत्पादन बघायचो. उन्हाळ्यात आमच्याकडे हवा इतकी कोरडी होते की मागावर ताण्याच्या तारा, म्हणजे उभे धागे, पटापट तुटतात. यात गूढ काही नाही. सुती धाग्यात ओलावा असला की त्याची ताकद वाढते. धाग्यावर सायझिंगची जी खळ चढवलेली असते, ती कोरड्या हवेत कडक होऊन तडकते. तार तुटली की माग थांबतो आणि विणकर ती जोडेपर्यंत उत्पादनही थांबतं. म्हणून शेडमध्ये पाण्याचा फवारा लागतो, आणि फवाऱ्याच्या खर्चावरून दरवर्षी मालक आणि आमच्यात जुंपायची.

त्या वर्षी मी ठरवलं की तोंडी वाद पुरे. शेडमध्ये कोरड्या-ओल्या पाऱ्याचा थर्मामीटर टांगलेला होताच, त्यावरून दुपारी दोनची आर्द्रता लिहून ठेवायला लागलो. त्याच पाळीत एका मागामागे सरासरी किती तारा तुटल्या, हे माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरच्या वहीतून घेतलं. त्यातले बारा दिवस निवडून एका मोठ्या कार्डशीटवर अक्ष काढले. गोदामात प्रोजेक्टर नव्हता, म्हणून ठिपक्यांसाठी लाल टिकल्यांचं पाकीट आणलं. समोर बसले मालक, त्यांचे चिरंजीव (त्यांना सगळे छोटे मालक म्हणायचे), दोन जॉबर, पाच-सहा विणकर आणि शिलाईतल्या काही बायका. पदवीधर म्हणाल तर एकटे छोटे मालक.

आता तुमच्या कामाचं सांगतो. सगळे ठिपके एकदम दाखवलेत तर लोकांना गोवर आलेला कागद दिसेल. मी आधी एकच टिकली लावली आणि म्हणालो, "हा एक दिवस. खाली बघा, आर्द्रता चाळीस टक्के. डावीकडे बघा, मागामागे चौदा तारा तुटल्या." दुसरी टिकली एका विणकराच्या हातात दिली आणि वहीतले आकडे वाचून दाखवले: आर्द्रता पंच्याहत्तर, तारा सात. त्याने ती बरोबर जागेवर लावली. ज्याने एक ठिपका स्वतःच्या हाताने लावला, त्याला अक्ष पुन्हा समजावावे लागत नाहीत. दहा टिकल्या लागल्यावर मी गप्प बसलो. शिलाईतल्या एक मावशी म्हणाल्या, "उताराला लागलंय की ओ हे." सहसंबंध म्हणजे हेच, एवढंच मी म्हणालो. पन्नासच्या आर्द्रतेला एक दिवस चौदा तारा तुटल्या होत्या आणि एक दिवस दहाच, तेही दाखवलं. कल आहे, हमी नाही.

मग उरलेल्या दोन टिकल्या लावल्या. एक उजवीकडे वर गेली: आर्द्रता बहात्तर, तारा सोळा. दुसरी डावीकडे खाली: आर्द्रता बेचाळीस, तारा पाच. लगेच त्याच मावशी म्हणाल्या, "ह्या दोघी अशा एकट्या का?" आणि कुणीतरी उत्तरही देऊन टाकलं की वरची रात्रपाळीची असणार, तिकडं लक्षच नसतं कुणाचं. ती दिवसपाळीची होती. वेगळ्या पडलेल्या ठिपक्याशेजारी तुम्ही काही लिहिलं नाहीत, तर बघणारा स्वतःची गोष्ट जोडतो आणि त्या गोष्टीत बहुतेक वेळा कुणातरी गरिबाचा बळी जातो.

मी चिठ्ठ्या आधीच लिहून आणल्या होत्या. खालच्या टिकलीशेजारी लावली: "लाइट नव्हती, माग तीनच तास चालले". आठ तासांच्या पाळीत तीन तासांत पाच तारा, म्हणजे पूर्ण पाळीला तेराच्या आसपास. सगळ्यांसमोर टिकली काढून तेरावर लावली, ती सरळ उतारात जाऊन बसली. हा ठिपका वेगळा नव्हताच, मोजायचं माप वेगळं झालं होतं. असा ठिपका दुरुस्त करायचा असतो, आणि दुरुस्त केला हे सांगायचं असतं.

वरच्या टिकलीची चिठ्ठी होती: "निम्म्या मागांवर नव्या लॉटच्या सुताचे बीम". बीम म्हणजे ताण्याचं सूत गुंडाळलेला मागावरचा रूळ. हे मी अंदाजाने लिहिलं नव्हतं. त्या दिवसाचे आकडे मागवार वेगळे काढले होते. जुन्या बीमच्या मागांवर सरासरी आठ तारा, म्हणजे त्या ओलाव्याला जेवढ्या तुटायच्या तेवढ्याच. नव्या बीमवर चोवीस. दोन्हींची सरासरी सोळा. चिठ्ठीवर कारण लिहायचं तर ते असं तपासून लिहायचं: ज्यांच्यावर त्या कारणाचा परिणाम व्हायला नको, ते खरंच नेहमीसारखे वागलेत का ते बघायचं. सगळेच माग बिघडले असते तर सुताला दोष देता आला नसता. आणि कारण सापडलं नाही तर चिठ्ठीवर "कारण कळलेलं नाही" असं लिहा. टिकली तरीही काढू नका.

आदल्या दिवशी छोट्या मालकांनी हाच कागद बघून मला सांगितलं होतं, "त्या दोन काढून टाका, आउटलायर काढायचे असतात, चित्र क्लीन पाहिजे." खालच्या टिकलीचं त्यांना काही नव्हतं. वरची मात्र सलत होती, कारण ते सूत त्यांनीच किलोमागे थोडं स्वस्त पडतं म्हणून दुसऱ्या गिरणीतून आणलं होतं आणि त्या तारांचा ठपका आठवडाभर विणकरांवर चालला होता. वरून ते म्हणाले, पुस्तकात लिहिलंय. पुस्तकात असंही लिहिलेलं असतं की चूक सिद्ध झाली तरच मोजमाप वगळावं. ते पान त्यांनी वाचलेलं दिसत नव्हतं. सभेत चिठ्ठी लागल्यावर जॉबर मालकांना एवढंच म्हणाला, "गाठी बघा की ओ त्या सुताच्या, हाताला लागतात." मालकांनी चिरंजीवांकडे बघितलं. पुढचा लॉट जुन्या गिरणीतून आला. आजही त्यांना कुणी विचारलं तर ते म्हणतील, मी सभेत त्यांचा अपमान केला. चिठ्ठीवर त्यांचं नाव नव्हतं, सुताचं होतं.

आता आर. लोकांना आधी चित्र दाखवा, आकडा नंतर, आणि तोही एकटा सांगू नका. माझ्याच कागदाचं बघा. दहा टिकल्यांचा आर उणे ०.८६. त्या दोन टिकल्या आहेत तशा घेतल्या की तो उणे ०.१० होतो, म्हणजे आर्द्रतेचा आणि तारांचा जणू संबंधच नाही. लाइटवाली टिकली दुरुस्त करून सुतावाली तशीच ठेवली तर उणे ०.४५. शेड तीच, वही तीच, पण बारापैकी दोन ठिपक्यांनी आकडा कुठून कुठे नेला! नुसता आर ऐकणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही. फ्रान्सिस अ‍ॅन्सकोम्बने १९७३ साली अकरा-अकरा बिंदूंचे चार संच मुद्दाम बनवून दाखवले. चारही संचांत आर ०.८२ च्या आसपास, पण चित्रं एकमेकांशी जुळत नाहीत. चौथ्या संचात दहा बिंदू एकाच उभ्या ओळीत आहेत, अकरावा लांब एकटा, आणि सगळा सहसंबंध त्या एकट्याच्या जिवावर उभा. म्हणजे वेगळा ठिपका कल बुडवू शकतो तसा नसलेला कल उभाही करू शकतो. माझ्याकडे पहिला प्रकार घडला. तुमच्याकडे दुसरा असेल तर चिठ्ठी आणखी महत्त्वाची, कारण तेव्हा ठिपका ठेवा म्हणणाऱ्याचाच स्वार्थ असू शकतो.

कार्डशीट नको असेल आणि एक्सेलमध्ये करायचं असेल, तर वेगळे ठिपके दुसऱ्या सिरीजमध्ये टाका, म्हणजे रंग वेगळा मिळतो. कारणं शेजारच्या कॉलममध्ये लिहा. Format Data Labels मध्ये Value From Cells निवडून तो कॉलम द्या आणि Y Value ची खूण काढा (एक्सेल २०१३ पासून हे आहे). आर काढायला:

```
=CORREL(A2:A13,B2:B13)
```

हे एकदा सगळे ठिपके घेऊन काढा, एकदा वेगळे वगळून, आणि दोन्ही आकडे सांगा. चिठ्ठ्या दोन-तीनच ठेवा. प्रत्येक ठिपक्याला नाव दिलंत तर उतार दिसायचा बंद होतो. चिठ्ठीवर "आउटलायर" असंही लिहू नका. तो वेगळा आहे हे लोकांना दिसतंच आहे, का वेगळा आहे ते हवं असतं.

दोन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. एक, माझे ठिपके बाराच होते, त्यावरून आर ०.८६ की ०.७६ यावर भांडू नये. शिवाय कोरड्या दुपारी उकाडाही जास्त असतो, त्यामुळे तारा आर्द्रतेनेच तुटतात हे नुसत्या चित्रावरून सिद्ध होत नाही. ते मी धाग्याच्या आणि खळीच्या माहितीवरून म्हणतोय. तुमच्या विषयात असा आधार नसेल तर लोकांना "याच्यामुळे ते" असं सांगू नका.

दुसरी, आणि यावर मी हटून बसेन: ठिपके माणसांचे असतील तर शेजारी नावं लिहू नका. पुढच्या महिन्यात छोट्या मालकांनीच मागणी केली की असाच कागद विणकरवार करा आणि सगळ्यात वरच्या तिघांची नावं लिहा. मी मागाचा नंबरही लिहायला नकार दिला, कारण कुठला माग कुणाकडे हे शेडमध्ये पोराटोरांनाही माहीत असतं. बीमचा लॉट, मागाचं वय आणि फवाऱ्यापासूनचं अंतर, एवढंच लिहिलं. वरचे तिन्ही माग फवाऱ्यापासून सगळ्यात लांबच्या भिंतीकडचे निघाले.