महिन्याच्या मधे प्लॅन बदलला की बिलात एक उणे ओळ यायलाच हवी

प्रश्न: पोस्टपेडचं बिल यावेळी नेहमीच्या दुप्पटीहून जास्त आलंय. महिन्याच्या मधेच प्लॅन बदलला होता. प्रोरेटा आणि वन टाइम चार्जेस वगैरे लिहिलंय, बिल नक्की वाचायचं कसं?

उत्तर:

पहिल्या पानावरची मोठ्या अक्षरातली रक्कम सोडा, थेट दुसरं पान काढा, जिथे तारखांसकट ओळी असतात. तिथे जुन्या प्लॅनच्या नावापुढे उणे चिन्ह असलेली रक्कम दिसतेय का ते बघा. नसेल तर बहुतेक तुमचे पैसे कंपनीकडे अडकलेत. माझे अडकले होते, आणि त्यावरून आमच्या घरात जे झालं ते अजून डोक्यातून जात नाही, म्हणून एवढं लिहितोय.

मी नाशिकला द्वारकाजवळ एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात हिशोब बघतो. माझं बिल दर महिन्याच्या ८ तारखेला निघतं. प्लॅन साडेचारशेचा होता, जीएसटी धरून ५३१ जायचे. जूनमध्ये मुलीचे ऑनलाइन क्लास सुरू झाले आणि डेटा पुरेना, म्हणून १८ जूनला सहाशेचा प्लॅन घेतला. माझ्या डोक्यात साधा हिशोब, सहाशे अधिक १८ टक्के, ७०८ येतील. ८ जुलैला बिल आलं १,५३४.

त्या रविवारी इंदिरानगरला ताईकडे गेलो होतो. दाजींना बिल दाखवलं तर ते म्हणाले, "अरे भरून टाक, मोठ्या कंपनीचं कॉम्प्युटर चुकत नसतं, तूच कुठेतरी जास्त वापरलं असशील." मी म्हटलं दाजी, एक कोरा कागद द्या. त्यांच्या भिंतीवर बँकेचं कॅलेंडर होतं, त्याच्यावर बोट ठेवून दिवस मोजले. ८ जून ते ७ जुलै, बरोबर ३० दिवस. जुना प्लॅन चालला ८ ते १७, म्हणजे १० दिवस. नवा १८ पासून ७ जुलैपर्यंत, २० दिवस. सगळा खेळ ह्या १० आणि २० मध्ये आहे.

आता मुख्य गोष्ट. माझ्या कंपनीत भाडं आगाऊ लागतं, म्हणजे ८ जूनच्या बिलात मी जुन्या प्लॅनचे पूर्ण महिन्याचे ४५० देऊन बसलो होतो. त्यातले २० दिवस मी तो प्लॅन वापरलाच नाही, म्हणून ४५० चे दोन तृतीयांश, म्हणजे ३०० मला परत मिळायला हवेत. त्याच २० दिवसांसाठी नव्या प्लॅनचे सहाशेतले ४०० लागणार. ह्यालाच प्रोरेटा म्हणतात, दिवसांच्या हिशोबाने वाटणी, बाकी काही नाही. शिवाय ८ जुलैपासूनच्या पुढच्या महिन्याचे नव्या प्लॅनचे ६०० आगाऊ. म्हणजे प्लॅन बदलल्यानंतरच्या पहिल्या बिलात नवा प्लॅन दोनदा दिसतो आणि लोक घाबरतात. दोनदा दिसणं बरोबर आहे, फक्त तारखा वेगळ्या हव्यात आणि सोबत जुन्याची उणे ओळ हवी.

माझ्या बिलात ४०० होते, ६०० होते, उणे ३०० नव्हतेच.

उरलेल्या दोन ओळी माझ्याच होत्या, ते मी दाजींसमोर लगेच मान्य केलं. १०० रुपये लेट फी, कारण आधीचं बिल ड्यू डेट उलटल्यावर भरलं होतं. आणि २०० जादा डेटाचे. हे दुसरं मात्र नीट समजून घ्या, कारण इथे भलेभले फसतात. सहाशेच्या प्लॅनवर ७५ जीबी लिहिलं होतं, पण भाडं जसं २० दिवसांचं लागलं तसा डेटाही २० दिवसांचाच मिळाला, ५० जीबी. मी ७५ धरून चाललो, ६० वापरले, वरच्या दहाला माझ्या प्लॅनमध्ये जीबीमागे २० रुपये. प्लॅन बदलताना दुकानातला मुलगा हे सांगत नाही, आपणच विचारायचं की ह्या महिन्यात मला किती जीबी मिळणार.

म्हणजे बरोबर बिल असं: ६०० आणि ४०० मिळून हजार, त्यातून ३०० वजा, लेट फी १००, डेटा २००, झाले हजार. त्यावर १८० जीएसटी, ९ टक्के केंद्राचा आणि ९ टक्के राज्याचा, एकूण १,१८०. आलं होतं १,५३४. फरक ३५४, म्हणजे अडकलेले ३०० आणि त्यावर विनाकारण लागलेला ५४ रुपये जीएसटी. हे कॉल सेंटरवाल्याला सांगताना ३५४ च सांगा, नुसते ३०० नाही, कर पण परत यायला हवा.

दाजींनी कागद बघितला आणि म्हणाले साडेतीनशे रुपयांसाठी कोण डोकं खाणार. मला हेच पटत नाही. माझ्या ऑफिसात भाड्याच्या पावतीत ५० रुपये चुकले तर ड्रायव्हर दारात उभा राहतो आणि बरोबरच करतो.

१९८ ला फोन केला. पहिल्या मुलीने सांगितलं "सर, प्रोरेटा लागलाय", आणि फोन ठेवायच्या बेतात होती. मी म्हटलं, प्रोरेटा लागलाय ते दिसतंय, पण १८ जून ते ७ जुलै ह्या तारखांची जुन्या प्लॅनची क्रेडिटची ओळ कुठल्या पानावर आहे ते सांगा. मग शांतता. मग होल्ड. मग तक्रार नोंदवून घेतली आणि डॉकेट नंबर दिला. तो नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. उत्तर पटलं नाही तर त्याच नंबरवर कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे फुकट जाता येतं आणि त्यांना ३९ दिवसांत निकाल द्यावा लागतो. मला तिथपर्यंत जावं लागलं नाही, सहाव्या दिवशी मेसेज आला. ऑगस्टच्या बिलात ॲडजस्टमेंट म्हणून उणे ओळ आली, मी स्क्रीनशॉट काढून दाजींना पाठवला.

वन टाइम चार्जेसचं थोडक्यात: ती ओळ कशाची आहे हे तिथे लिहिलेलं असतं, सिम बदलल्याचे, लेट फी वगैरे, आणि ती पुढच्या बिलात परत दिसली तर ती वन टाइम नाही, लगेच विचारा. गाणी, गेम असलं काही सुरू झालेलं दिसलं तर १५५२२३ वरून बंद होतं.

माझं स्पष्ट मत, प्लॅन बदलायचा तर बिल निघायच्या तारखेपासूनच लागू करून घ्या, मधे हात लावू नका. दाजी म्हणतात ह्याने काय फरक पडतो. माझ्या बाबतीत १० जीबीचे २०० गेले, हा फरक.

हां, एक राहिलं. काही ठिकाणी भाडं आगाऊ नसून महिना संपल्यावर लागतं. तसं असेल तर उणे ओळ येणारच नाही, त्याऐवजी जुन्याचे १० दिवस आणि नव्याचे २० दिवस अशा दोन अर्धवट ओळी येतील, आणि ते बरोबरच आहे. तुमचं कुठलं आहे ते कळायला प्लॅन बदलायच्या आधीचं बिल काढा आणि भाड्यापुढची तारीख बघा, ती बिलाच्या तारखेच्या पुढची आहे की मागची. आणि काही कंपन्या प्लॅन छोटा करायचा असेल तर तो पुढच्या बिलापासूनच लावतात, मग मधल्या महिन्यात काहीच बदललेलं दिसणार नाही.

ड्यू डेट कधी आहे ते लिहिलं नाहीत तुम्ही. तक्रार त्याच्या आधी करा आणि वादातली रक्कम सोडून बाकीची भरली तर चालेल का ते त्याच फोनवर विचारून घ्या, नाहीतर लेट फीची अजून एक ओळ वाढेल.