परक्या विषयातल्या परीक्षकासाठी एक पान

ऐरोली, नवी मुंबई

प्रिय,

फेलोशिपच्या अर्जासोबतचं तुझं पान वाचलं. काम पक्कं आहे. पण ते वाचणाऱ्या समितीत खाडीच्या गाळावर काम केलेला माणूस असेलच असं नाही. एखादा अर्थशास्त्राचा असेल, एखादी गणिताची. पान त्यांच्यापर्यंत पोचलं पाहिजे.

पहिला परिच्छेद काढून टाक. ठाणे खाडी, फ्लेमिंगो, 2022 मध्ये मिळालेला रामसर दर्जा हे सगळं खरं आहे, पण खाडीवरच्या कोणत्याही अर्जात ते चालेल. तुझा प्रश्न त्यामुळे सहा ओळी खाली ढकलला गेलाय. नंतर तू थेट ‘अ‍ॅसिड व्होलाटाइल सल्फाइड’च्या गुणोत्तरावर येतेस आणि तिथेच बाहेरचा वाचक सुटतो. ही संज्ञा सोपी करून भागणार नाही. तिच्याआधी चिखलात काय घडतं ते सांगायला हवं. पान इंग्रजीतच जाणार आहे, पण आशय आधी मराठीत मांडून बघ. मी असा मांडला:

‘खारफुटीच्या चिखलात कॅडमियम, शिसं, जस्त असे धातू साठलेले असतात. खोलवर हवा पोचत नाही. तिथले जिवाणू समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटपासून सल्फाइड तयार करतात आणि ते धातूंना बांधून ठेवतं. गाळ उपसला की त्याला हवा लागते आणि ही बांधणी सुटू लागते. पण त्याच वेळी चिखलातल्या लोहाचा गंज बनतो आणि सुटलेले काही धातू त्याला पुन्हा चिकटतात. मग शेवटी कोणता धातू पाण्यात किती उरतो आणि किती वेळ?’

बघ, यात संज्ञा फारशा नाहीत, तरी रसायनशास्त्र सगळं आहे. शिवाय प्रश्न खरा का आहे तेही कळतं: सोडवणारी आणि पकडणारी अशा दोन क्रिया एकाच वेळी चालतात, त्यामुळे उत्तर नुसत्या तर्काने काढता येत नाही. तुझ्या मसुद्यात गंजाचा भाग पद्धतीच्या परिच्छेदात दडलाय. तो वर आण, कारण पानाचा जीव तिथेच आहे.

मग तुझा अंदाज लिही, कारणासकट. खाऱ्या पाण्यातल्या क्लोराइडशी कॅडमियम जोडलं जातं, म्हणून ते विरघळलेलं राहण्याची शक्यता जास्त. शिसं गंजाला घट्ट धरून बसतं. म्हणजे कॅडमियम पाण्यात जास्त काळ दिसावं, शिसं लवकर नाहीसं व्हावं. एवढं लिहिलंस की गणिताच्या बाईंनाही पुढे काय तपासणार आहेस ते ओळखता येईल. अंदाज चुकला तर त्याचा अर्थ काय, हेही एका वाक्यात सांग. शिसंही पाण्यात टिकलं तर गंजाची पकड आपण समजतो तेवढी नाही, आणि गाळ उपसताना दोन्ही धातूंवर लक्ष ठेवावं लागेल.

पद्धतीला चार-पाच ओळी पुरेत. गाळाचा उभा नमुना हवा न लागू देता काढणार, थरांमध्ये कापणार, मग खाडीच्या पाण्यात हवेसह ढवळत ठेवून ठरावीक वेळांनी पाणी गाळून धातू मोजणार. गाळणी 0.45 मायक्रॉनची, हे राहू दे, कारण त्यातून जे जातं त्यालाच ‘विरघळलेलं’ म्हणायची रूढी आहे. सल्फाइडची ती संज्ञा इथे एकदा येऊ दे. समितीत जाणकार असलाच तर त्याला तेवढ्यावरून तुझी तयारी कळेल. यंत्रांची मॉडेलं मात्र काढ.

मर्यादाही याच पानावर हवी. बाटली म्हणजे खाडी नव्हे: तिच्यात भरती-ओहोटी नाही, तिवराची मुळं नाहीत, खेकड्यांची बिळं नाहीत. म्हणून ‘खाडीचं प्रदूषण कमी होईल’ हे तुझं शेवटचं वाक्य या प्रयोगाला पेलत नाही. ‘गाळ उपसल्यावर कोणत्या धातूवर किती वेळ नजर ठेवायची ते ठरवायला मदत होईल’ असं लिही. एवढंच तू सिद्ध करू शकशील, आणि ते कमी नाही.

पान झालं की कॉमर्सवाल्या एखाद्या मैत्रिणीला दे. ‘कळलं का?’ विचारू नकोस, सगळे हो म्हणतात. पान परत घे आणि विचार, मी नेमकं काय शोधतेय आणि अंदाज चुकला तर काय? ‘तू प्रदूषण मोजणार आहेस’ एवढंच उत्तर आलं, तर प्रश्न अजून खालीच अडकलाय. ‘सुटलेला धातू पाण्यात राहतो की पुन्हा चिकटतो ते बघणार’ असं आलं, तर पान तयार आहे. अक्षरं बारीक करून जागा काढू नकोस, वाक्य काप. नवा मसुदा रविवारपर्यंत पाठव, सोमवारी बसून बघू.

तुझी,
मॅडम