विहिरीच्या पाण्यातले नायट्रेट: आधी उतार तपासा, मग आकडा धरा

प्रश्न: विहिरीच्या पाण्यातले नायट्रेट-नत्र इलेक्ट्रोडवर एक दिवस 43 मिलिग्रॅम प्रतिलिटर येते, दुसऱ्या दिवशी 30. दुकानदार म्हणतो, 100 च्या एकाच द्रावणावर मीटर लावा आणि आयएसए, म्हणजे क्षारपातळी सारखी करणारे द्रावण, सढळ हाताने टाका, आकडा स्थिर होतो. तसे करू का?

उत्तर: नका करू. एकाच द्रावणावर लावलेला मीटर उतार, म्हणजे नायट्रेट दहापट झाल्यावर वाचन किती मिलिव्होल्टने बदलते ते, गृहीत धरतो, मोजत नाही. रोज सकाळी नायट्रेट-नत्राची 10 आणि 100 मिलिग्रॅम प्रतिलिटरची ताजी द्रावणे घ्या आणि मीटर मिलिव्होल्टवर ठेवून दोन्हींचे वाचन वहीत लिहा. दहापट फरकाला 25 अंशांना 54 ते 60 मिलिव्होल्टचा फरक पडायला हवा.

गेल्या हंगामात एका शेतात मी हेच केले. 100 ला 70 मिलिव्होल्ट आले, 10 ला 112. फरक फक्त 42. विहिरीचे पाणी 91 मिलिव्होल्ट दाखवत होते. एका द्रावणावर लावलेल्या मीटरने 57 चा उतार धरून त्याचे 43 केले होते, खऱ्या उताराने ते 32 च्या आसपास निघते. पाण्याच्या 50 मिलिमीटरच्या एका पाळीत हेक्टरी साडेएकवीस किलो नत्र मिळते असे समजून शेतकऱ्याने तेवढ्या नत्राचा युरिया कमी केला, प्रत्यक्षात 16 किलोच मिळत होते. 32 वरही मी भरवसा ठेवला नाही. उतार एवढा पडला की आधी इलेक्ट्रोड दुरुस्त करायचा, मग पाणी मोजायचे.

दुरुस्ती अशी: इलेक्ट्रोड 100 च्या द्रावणात काही तास बुडवून ठेवा आणि पुन्हा तपासा. उतार 54 च्या खालीच राहिला तर इलेक्ट्रोडच्या टोकाचा पडदा बदला. पडदा कापडाने घासू नका. टोकाला बुडबुडा चिकटला असेल तर इलेक्ट्रोड हलकेच झटकून काढा.

आता आयएसए. इलेक्ट्रोडला नायट्रेटची सक्रियता कळते आणि ती पाण्यातल्या इतर क्षारांनी बदलते. आयएसएने सगळ्या भांड्यांतली क्षारपातळी सारखी होते. म्हणून 2 मोलर अमोनियम सल्फेट 100 मिलीला 2 मिली, दोन्ही प्रमाण द्रावणांत आणि नमुन्यातही तेवढेच. नमुन्यात 10 मिली ओतलेत तर नमुना 9 टक्के पातळ झाला, एवढेच. सढळ हात इथे नको. फक्त नमुन्यात टाकून द्रावणांत न टाकणे हीसुद्धा मला जागोजागी दिसणारी चूक.

विहिरीतून काढलेले गार पाणी लगेच मोजू नका, द्रावणांच्या तापमानाला येऊ द्या. 1 मिलिव्होल्ट इकडेतिकडे झाला तर आकडा 4 टक्क्यांनी हलतो. पाणी खारट असेल तर क्लोराइडमुळे आकडा फुगतो आणि उतार बरोबर असूनही ते कळत नाही. असा नमुना प्रयोगशाळेत द्या.

दुकानदार काहीही सांगो, दोन द्रावणांचे वाचन वहीत नसेल त्या दिवशीच्या आकड्यावर युरियाची मात्रा ठरवू नका.