पशुवैद्यकांना विचारा: व्यालेली गाय, घरातलं पिल्लू आणि डॉक्टरांची पाटी

काल रात्री गाय व्याली. आज सकाळपासून उठत नाही, मान पोटाकडे वळवून बसली आहे. गोठ्यावर येता का?

येतो. व्यालेली जनावरं आडवी होणं हेच माझ्या तालुक्यातलं रात्रीअपरात्रीचं मुख्य काम. तिसऱ्या-चौथ्या वेताची दुधाळ संकरित गाय, व्यायल्यावर तीन दिवसांच्या आत बसली, कान गार आणि नाकपुडी कोरडी असेल, तर पहिला संशय दुग्धज्वराचा. नावात ज्वर असला तरी अंगात ताप नसतो, उलट अंग थंड पडतं. चीक तयार होताना रक्तातलं कॅल्शियम झपाट्याने दुधात जातं आणि स्नायू ढिले पडतात.

मी येईपर्यंत तोंडाने काहीही पाजू नका, गूळपाणीसुद्धा नाही. गिळण्याची ताकद कमी झालेली असते, ते फुप्फुसात जातं. गाय एका कुशीवर पडली असेल तर पोत्यांचा टेकू देऊन छातीवर बसवा, नाहीतर पोट फुगतं.

गोठ्यावर मी कॅल्शियमची बाटली कोमट करून शिरेतून हळूहळू सोडतो, दुसऱ्या हाताने स्टेथोस्कोप छातीवर. घाईने सोडलं तर हृदय बंद पडू शकतं, म्हणून दुकानातून बाटली आणून शेजाऱ्याकडून टोचून घेऊ नका. औषध लागू पडलं की अंगाला थरथर सुटते, ढेकर येते, नाकपुडी ओली होते, गाय शेण टाकते. बऱ्याच गायी थोड्या वेळात उठतात. पण काही पुन्हा बसतात, म्हणून पहिले दोन दिवस कास पूर्ण पिळू नका. कॅल्शियम देऊनही उठली नाही, तर मात्र कारण वेगळं असू शकतं: कासदाह, गर्भाशयाचा संसर्ग किंवा मागच्या पायाची इजा.

कुत्र्या-मांजरांनाही बघता का? आमचं पिल्लू दीड महिन्याचं आहे.

बघतो, संध्याकाळी दवाखान्यात. आधी जंताचं औषध, मग पार्व्हो-डिस्टेंपरची लस. ती तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पिल्लू चार महिन्यांचं होईपर्यंत परत द्यावी लागते. एकच टोचून थांबलात तर आईच्या चिकातून आलेली प्रतिकारशक्ती लस निष्प्रभ करू शकते. रेबीजची तिसऱ्या महिन्यात, नंतर दरवर्षी. तोवर रस्त्यावर फिरवू नका.

नसबंदी आणि जखमांची शिवण इथेच होते. हाड मोडलं तर मी शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात पाठवतो. पोपट, कासव, ससे यांच्या बाबतीत माझा हात बसलेला नाही, ते घेत नाही.

अनुभव किती आणि तुम्ही खरे डॉक्टर हे कसं ओळखायचं?

पंधरा वर्षांहून जास्त काळ गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्यांत गेला. पण वर्षं कोणीही सांगेल. पाटीवर बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. पदवी आणि महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक बघा, नसेल तर सरळ मागा. पदविकाधारक पशुधन पर्यवेक्षक रेतन आणि प्रथमोपचार करतात, त्यातले काही फार तरबेज असतात. शस्त्रक्रिया मात्र नोंदणीकृत पशुवैद्यकाकडूनच करून घ्या. विम्यासाठी लागणारा दाखलाही त्याच्याच सहीने चालतो.